अपटेक मंगळवारी, सीटी स्कॅन तीन आठवड्यांपूर्वी

प्रश्न : बायकोचं वय ३४. दोन महिन्यांपासून छातीत धडधड, हात थरथरतात, पाच किलो वजन उतरलं. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ ३.१, टोटल टी३ ३१०, टोटल टी४ १४.५, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. गळा दुखत नाही, डोळे ठीक आहेत. कल्याणच्या आमच्या डॉक्टरांनी कार्बिमाझोल लिहून दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. दुसरे डॉक्टर म्हणतात, आधी परळला आयोडीन अपटेक स्कॅन करा, थायरॉइडायटिस असेल तर या गोळीचा उपयोग नाही. मंगळवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे. अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे ग्रेव्हजच ना? मग स्कॅन कशाला? तीन आठवड्यांपूर्वी पोटदुखीसाठी इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन झाला होता, त्यात काही निघालं नाही. मुलगा सव्वा वर्षाचा आहे, रात्री अजून अंगावर पितो.

उत्तर :

दुसऱ्या डॉक्टरांचा मुद्दा बरोबर आहे, पण मंगळवारी ही तपासणी करू नका. तुमच्या प्रश्नातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत. सीटीतल्या इंजेक्शनमुळे आकडा फसवा येईल आणि तपासणीसाठी गिळायचं रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, दुधातून बाळाच्या थायरॉइडपर्यंत पोचेल. आज केंद्राला फोन करून या दोन्ही गोष्टी सांगा. ते स्वतःच तारीख पुढे ढकलतील किंवा दुसरी तपासणी सुचवतील.

आधी अँटी-टीपीओबद्दल. ही अँटिबॉडी ग्रेव्हजच्या, म्हणजे थायरॉइड अति काम करण्याच्या आजाराच्या, बहुतेक रुग्णांत सापडते हे खरं, पण न दुखणाऱ्या थायरॉइडायटिसमध्ये, म्हणजे ग्रंथीच्या सुजेत, आणि बाळंतपणानंतरच्या थायरॉइडायटिसमध्येही ती तितक्याच सहज सापडते. ज्यांना कसलाच त्रास नाही अशा कितीतरी बायकांतही ती असते. शरीराचा ऑटोइम्यून कल आहे एवढंच ती सांगते. आत्ता जास्तीचं हार्मोन कुठून येतंय हे ती सांगत नाही. ते सांगणारी अँटिबॉडी वेगळी. तिचं नाव टीआरएबी, म्हणजे टीएसएचच्या रिसेप्टरवर बसणारी अँटिबॉडी. तुमच्या रिपोर्टांत ती दिसत नाही.

एरवी मेंदूखालची पिट्युइटरी ग्रंथी टीएसएच धाडून थायरॉइडला कामाचा हुकूम देते. रक्तात थायरॉइडचं हार्मोन वाढण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ग्रेव्हजमध्ये टीआरएबी थायरॉइडच्या पेशींवर टीएसएचच्या जागी जाऊन बसते आणि कारखाना रात्रंदिवस चालू ठेवते. पिट्युइटरीने टीएसएच शून्यावर आणला तरी पेशींना फरक पडत नाही, त्या आयोडीन ओढतच राहतात. थायरॉइडायटिसमध्ये कारखाना बंद असतो आणि गोदाम फुटलेलं असतं. ग्रंथीत दोन-तीन महिने पुरेल इतकं तयार हार्मोन साठवलेलं असतं. सूज आली की ते रक्तात गळतं. टीएसएच इथेही शून्यावर जातो, पण इथे तो गेला की उरलेल्या धडधाकट पेशींनाही काम करायचा हुकूम मिळत नाही, आणि सुजलेल्या पेशींत ताकद नसतेच. म्हणून आयोडीन आत जात नाही.

टीएसएच आणि टी४ दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे साध्या थायरॉइड प्रोफाइलवरून निवाडा होत नाही. अपटेक नेमका फरकावरच बोट ठेवतो : ग्रंथी आत्ता आयोडीन घेतेय की नाही? कार्बिमाझोल नवं हार्मोन बनणं थांबवतं, गळती थांबवत नाही. म्हणून हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. थायरॉइडायटिसमध्ये ती गोळी दिली तर उपयोग काहीच नाही, आणि पांढऱ्या पेशी अचानक कोसळण्याचा, क्वचितच होणारा पण गंभीर, धोका मात्र फुकटचा पदरात पडतो. वर काही आठवड्यांत थायरॉइड आपोआप मंदावणारच असतं. ते गोळीमुळे झालं असं वाटून डोस कमी-जास्त करत बसण्यात महिने जातात.

आता तपासणी कशी होते ते, कारण आकडा कुठे बिघडतो हे त्याशिवाय समजणार नाही.

चार तास उपाशीपोटी एक कॅप्सूल गिळायची. त्यात आयोडीन-१३१ साधारण ५ ते १० मायक्रोक्युरी असतं. ग्रेव्हजच्या उपचाराला १० ते १५ मिलिक्युरी देतात, म्हणजे ही मात्रा त्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. वेगळं राहणं, भांडी वेगळी ठेवणं असलं काही लागत नाही. मुंबईत हे आयोडीन बहुतेक ठिकाणी वाशीच्या ब्रिटकडून, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या समस्थानिक मंडळाकडून येतं. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, त्यामुळे या शहराला थायरॉइडच्या अपटेकचं नावीन्य नाही.

कॅप्सूल घेतल्यावर चार तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी मोजणी होते. कल्याणहून दोन दिवस हेलपाटे घालावे लागतात म्हणून चार तासांची मोजणी चुकवू नये. काही ग्रेव्हजच्या रुग्णांत ग्रंथी इतकी घाईत असते की ओढलेलं आयोडीन हार्मोन बनवून २४ तासांच्या आत बाहेरही टाकून देते. अशा वेळी चार तासांना आकडा ५०, ६० टक्के असतो आणि दुसऱ्या दिवशी उतरून नॉर्मलच्या वरच्या टोकाशी येतो. फक्त दुसरा आकडा पाहणाऱ्याची तिथे फसगत होते.

मोजणीसाठी रुग्णाला बसवून गळ्यासमोर २५ ते ३० सेंटिमीटरवर सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा प्रोब ठेवतात. मग तोच प्रोब तितक्याच अंतरावर मांडीसमोर, कारण रक्तात आणि मांसात फिरणारं आयोडीन गळ्यातही असतं, ते वजा करावं लागतं. शेवटी गळ्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात तेवढ्याच मात्रेची दुसरी कॅप्सूल ठेवून तिची मोजणी, आणि खोलीतली रिकामी मोजणी. हिशोब असा :

अपटेक % = (गळा − मांडी) ÷ (ठोकळ्यातली कॅप्सूल − रिकामी खोली) × १००

समजा २४ तासांनी मिनिटाला ठोकळ्यात १२,४०० आणि रिकाम्या खोलीत ४०० मोजणी आली. खालचा आकडा १२,०००. गळ्यावर ७,३०० आणि मांडीवर ७०० असेल तर ६,६०० भागिले १२,०००, म्हणजे ५५ टक्के. हे ग्रेव्हजला साजेसं. गळ्यावर ९८० आणि मांडीवर ७४० असेल तर २४० भागिले १२,०००, म्हणजे २ टक्के. हे थायरॉइडायटिसला साजेसं. नॉर्मल साधारण १० ते ३० टक्के, पण ही मर्यादा प्रत्येक केंद्राची स्वतःची असते, रिपोर्टवर छापलेलीच धरायची. ग्रेव्हज बहुधा ४० च्या वर जातो, थायरॉइडायटिस ५ च्या खाली. मधे रिकामी जागा मोठी आहे, म्हणूनच ही तपासणी इतकी उपयोगाची ठरते.

ठोकळ्यातली कॅप्सूल त्याच वेळी मोजली तर किरणोत्सारातली घट दोन्हीकडे सारखी असते, हिशोबात आणावी लागत नाही. काही जण मात्र रुग्णाला द्यायच्या आधीच कॅप्सूल मोजून ठेवतात, मग घट स्वतः लावावी लागते. आयोडीन-१३१ दिवसात जेमतेम आठ टक्क्यांनी घटतं, विसरलं तरी ५५ चे ५० होतात, निदान बदलत नाही. आयोडीन-१३१ ऐवजी आयोडीन-१२३ दिलं असेल तर त्याचं अर्ध आयुष्य १३ तासांचं. २४ तासांनी त्यातलं फक्त २८ टक्के उरतं. तिथे घट लावायची राहिली तर ५५ चे साडेपंधरा होतात आणि धडधडीत ग्रेव्हज कागदावर नॉर्मल होऊन बसतो. रुग्णाची लक्षणं आणि आकडा असे उत्तर-दक्षिण असतील तर मूळ मोजण्यांचा कागद मागवून घ्यावा.

तुमच्या पत्नीचा मंगळवारचा आकडा किती आला असता? अंदाज करता येतो : ३, ४ टक्के. आणि रिपोर्टवर लिहून आलं असतं, ‘थायरॉइडायटिसशी सुसंगत’. तो रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही कार्बिमाझोल कायमचं बाजूला ठेवलं असतं. प्रत्यक्षात ग्रेव्हज असला तरी आकडा तेवढाच आला असता.

कारण सीटीच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध आयोडीनचंच असतं. एका वेळी साधारण ३० ग्रॅम आयोडीन अंगात जातं. शरीराची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांचा कोटा एका इंजेक्शनमध्ये. त्यातलं बहुतेक रेणूत बांधलेलं असतं आणि मूत्रपिंडं ते दोन-एक दिवसांत बाहेर टाकतात, पण सुटं राहिलेलं थोडंसं आयोडीनही रोजच्या गरजेच्या मानाने डोंगराएवढं असतं आणि ते काही आठवडे रेंगाळतं.

दादरच्या फलाटाचा विचार करा. गाडीत दर मिनिटाला चढणारी माणसं तेवढीच आहेत, पण फलाटावरची गर्दी दसपट झाली, तर तुमचा लाल टोपीवाला माणूस गाडीत चढलेला सापडण्याची शक्यता दहाव्या हिश्शावर येते. गाडी रिकामी नाही, तुम्ही मोजताय ती लाल टोपी फक्त दिसत नाही. कॅप्सूलमधलं आयोडीन ही लाल टोपी. शिवाय आयोडीनचा असा पूर आला की ग्रंथी ते आत घेणारी दारंही काही काळ कमी करते, म्हणजे दुहेरी मार.

म्हणून कमी अपटेकचा खरा अर्थ ‘थायरॉइडायटिस’ असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की कॅप्सूलमधलं आयोडीन गळ्यात पोचलं नाही. का पोचलं नाही, हे रुग्णाला विचारूनच कळतं. सीटी, हृदयाची अँजिओग्राफी, ठोक्यांसाठी दिलेलं अमिओडारोन, समुद्री शेवाळाच्या गोळ्या, जखमेवर किंवा गुळण्यांना रोज वापरलेलं बीटाडीन, वजन उतरवायला कुणी दिलेल्या थायरॉक्सिनच्या गोळ्या. धडधडीच्या रुग्णाची गाडी तर हमखास आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जाते, तिथे अँजिओग्राफी होते, आणि टीएसएच त्यानंतर तपासला जातो. तेव्हा हा सापळा काही विरळा नाही. सीटी किंवा अँजिओग्राफीनंतर सहा ते आठ आठवडे थांबावं, अमिओडारोननंतर कित्येक महिने. शंका असेल तर लघवीतलं आयोडीन मोजता येतं. ते खूप वाढलेलं असेल तर अपटेकचा कमी आकडा कचऱ्यात टाकायचा. बाकी घरच्या आयोडीनयुक्त मिठाने किंवा रविवारच्या सुरमईने निदान उलटत नाही. काही केंद्रं आठवडाभर पथ्य सांगतात, सांगितलं तर पाळा.

सीटीनेच हा आजार सुरू झाला का, असाही प्रश्न मनात येईल, कारण आयोडीनच्या माऱ्याने काहींचं थायरॉइड भडकतं. इथे लक्षणं सीटीच्या पाच आठवडे आधीची आहेत, तेव्हा मूळ कारण ते नाही.

दुधाचं. आयोडीन-१३१ दुधात उतरतं आणि बाळाची ग्रंथी ते झपाट्याने ओढते. एवढ्या लहान मात्रेनंतरही या मुलाला पुन्हा अंगावर पाजायचं नाही, असाच नियम आहे. एक-दोन दिवसांची सुट्टी घेऊन भागत नाही. सव्वा वर्षाच्या मुलाला वरचं खाणं असतं म्हणून ‘अंगावर पाजता का?’ या प्रश्नाला घरचे बरेचदा ‘नाही’ म्हणतात. रात्रीचं पिणंही पिणंच. गर्भ असण्याची शक्यता असेल तर रेडिओआयोडीन द्यायचंच नाही, म्हणून केंद्रावर आधी लघवीची तपासणी करतील. त्याला नाही म्हणू नका.

मग आता करायचं काय? टीआरएबी. रक्ताचा एक नमुना, ना उपास, ना दूध बंद, आणि सीटीच्या आयोडीनचा या तपासणीवर काही परिणाम नाही. नव्या पद्धतीच्या किटने ग्रेव्हजचे बहुतेक सगळे रुग्ण यात पकडले जातात. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त आणि टीआरएबी खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणजे अख्खा ग्रेव्हज गोळीच्या डबीतून निघतो. तुमच्या पत्नीचं वजन उतरलंय आणि हात थरथरताहेत, तेव्हा इथे आजार खरा आहे. पण विचारून ठेवलेलं बरं.

टीआरएबी स्पष्ट पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्हज धरून पुढे जा, अपटेकची गरज उरत नाही. कार्बिमाझोल सुरू करताना डॉक्टरांना स्तनपानाचं सांगा. कमी मात्रेत ते चालतं, पण मात्रा त्यांनीच ठरवायची. गोळीवर असताना ताप आणि घसादुखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या.

टीआरएबी निगेटिव्ह आली तर दोन-तीन आठवड्यांनी फ्री टी४ आणि टी३ पुन्हा. गळती असेल तर गोदाम रिकामं होत आलेलं असतं, आकडे गोळीशिवाय उतरतात. उतरले तर निदान आपोआप झालं. पुढचे काही महिने टीएसएच बघत राहायचं, कारण त्यानंतर थायरॉइड मंदावण्याचा टप्पा येतो. आकडे उतरले नाहीत किंवा वाढले, तर मात्र स्कॅन लागेल.

माझा कल कुठे आहे? तुमच्याकडच्या आकड्यांत टी३ ला टी४ ने भागलं तर ३१० भागिले १४.५, म्हणजे २१ च्या थोडं वर. चालू कारखाना टी३ जास्त बनवतो, म्हणून हे गुणोत्तर २० च्या वर गेलं की पारडं ग्रेव्हजकडे झुकतं. इथे ते काठावरच आहे. बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस बहुधा पहिल्या सहा महिन्यांत भडकतो. तुमच्याकडे त्रास तेराव्या महिन्यात सुरू झाला. दोन्ही खुणा ग्रेव्हजकडे बोट दाखवतात, पण एवढ्यावर मी गोळी लिहिणार नाही. टीआरएबीचा रिपोर्ट थोड्या दिवसांत येतो.

तोवर धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल डॉक्टरांना विचारून सुरू करता येईल. दमा असेल तर ते चालत नाही. त्याने अपटेकवर काही फरक पडत नाही, तेव्हा पुढे स्कॅन ठरला तरी बंद करावं लागत नाही. कार्बिमाझोल मात्र त्याआधी साधारण आठवडाभर थांबवावं लागतं. नाडी अनियमित झाली, झोपूनही दम लागला, किंवा तापासोबत बडबड सुरू झाली, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता इमर्जन्सीत जा.

पुढे स्कॅन करायची वेळ आलीच तर स्तनपान चालू असताना टेक्नेशियमचा, म्हणजे दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचा, करा. शिरेतून इंजेक्शन, वीसएक मिनिटांनी फोटो, एका बैठकीत काम. दूध काढून टाकून साधारण १२ ते २४ तासांनी पुन्हा पाजता येतं. नेमकी वेळ केंद्र सांगेल. टेक्नेशियम आयोडीनच्याच दारातून आत जातं, फक्त पुढे हार्मोनमध्ये बांधलं जात नाही. म्हणून सीटीनंतर थांबायचा नियम त्यालाही लागू आहे. फोटोत गळ्यातली ग्रंथी शेजारच्या लाळग्रंथींपेक्षा कितीतरी ठळक असेल तर ग्रेव्हज, आणि लाळग्रंथी दिसताहेत पण थायरॉइडच्या जागी जवळजवळ काहीच नाही असं असेल तर थायरॉइडायटिस.

रिपोर्टवरचा आकडा वाचताना एक चूक फार होते. टेक्नेशियमचं नॉर्मल चारेक टक्क्यांपर्यंतच असतं. रिपोर्टवर १२ टक्के लिहिलेलं असेल तर ती घोडदौड आहे. घरी कुणीतरी त्याच्याशेजारी आयोडीनची १० ते ३० ची मर्यादा ठेवतं आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून फाइल मिटतं. आकड्याआधी कोणता पदार्थ दिला होता ते वाचा.

आणि स्कॅनच्या आठवड्यातच टीएसएच, फ्री टी४ पुन्हा करा. दोन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर स्कॅन वाचू नका. थायरॉइडायटिस बरा होत असताना टीएसएच वर चढतो आणि सावरलेली ग्रंथी भुकेल्यासारखी आयोडीन ओढते. त्या वेळी अपटेक ४० टक्केही येऊ शकतो. शेजारी जुना ०.०१ चा टीएसएच ठेवला की तो हुबेहूब ग्रेव्हज दिसतो. ताजा टीएसएच १२ आहे हे कळलं की चित्र उलटतं.

केंद्राला फोन करताना सीटीची तारीख हातात ठेवा. त्या तारखेपासून आठ आठवडे मोजून नवी अपॉइंटमेंट मागा आणि टीआरएबीचा रिपोर्ट आल्यावर ती ठेवायची की सोडायची ते ठरवा.